पट्टा सैल, कसून दिला

आमच्या तक्रारींच्या रजिस्टरांचं कोणी कौतुक केलं की मला शंका येते. चौदा वर्षं ती मीच लिहिली आहेत. त्यांत कौतुकासारखं काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि काय नाही तेही. म्हणून मोठ्या शहरातून आलेल्या त्या कोटवाल्या माणसाने पहिलं रजिस्टर उघडून "हे तर सोनं आहे तुमचं!" म्हटलं, तेव्हा मी चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. आम्ही मिनी डाळ मिल बनवतो, म्हणजे तूर-हरभरा भरडून डाळ करणारी, एका खोलीत मावणारी मशीन. मी बडनेऱ्याहून रोज गाडीने अपडाऊन करते आणि तक्रारींचं टेबल सांभाळते. गिऱ्हाइकाचा फोन येतो, मी ऐकते, जमलं तर तिथल्या तिथे सांगते, नाही तर मिस्त्रीला पाठवते. मिस्त्री काम करून कागदावर दोन ओळी लिहितो, खाली गिऱ्हाईक सही करतं, आणि त्या दोन ओळी मी रजिस्टरात उतरवते. आमचे जुने मिस्त्री गेल्या दिवाळीला कानांनी थकले आणि वलगावला आपल्या घरी जाऊन बसले. तेव्हापासून मालकांचा जीव टांगणीला लागला होता. नव्या मुलांना मशीन कळते, पण आवाजावरून दुखणं ओळखता येत नाही.

कोटवाला नेमका अशा वेळी उगवला. तो म्हणाला, ही सगळी रजिस्टरं टाइप करून द्या, त्यांवर आम्ही तुमचा स्वतःचा मॉडेल, म्हणजे माणसासारखी उत्तरं देणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, शिकवून तयार करतो. मग गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर विचारेल आणि तुमच्या मिस्त्रीसारखं उत्तर मिळेल, चोवीस तास. या शिकवण्यासाठी तो फाइन-ट्यूनिंग हा शब्द इतक्या वेळा म्हणाला की मला तो एखाद्या औषधाच्या गोळीचं नाव वाटायला लागला.

तो गेल्यावर मालक म्हणाले, "बाई, मिस्त्रीचं डोकं आता मशीनमंधी ऱ्हाईन. तुरीचा हंगाम लागाच्या आत आपल्याले हे पायजे."

"आणि माझं काय?" मी विचारलं.

"तुमचं काय? तुमी आरामात बसा."

आरामात बसा हे शब्द मी दोन माणसांना ऐकवलेले पाहिले आहेत. दोघंही पुढच्या महिन्यात घरी आरामात बसले. मला त्या क्षणापासून त्या मॉडेलचा राग आला, आणि तो लपवण्याची गरज मला तेव्हाही वाटली नाही.

मालक मात्र दुधाने तोंड पोळलेले गृहस्थ. मागे एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरने त्यांना चांगलंच फसवलं होतं. म्हणून त्यांनी आपल्या भाचीला बोलावलं. ती अमरावतीला राहते, दोन मैत्रिणींबरोबर सॉफ्टवेअरचं काम करते. बारीक, चष्मा, बोलणं कमी. मला काकू म्हणाली आणि चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला. कप धुणाऱ्या पाहुण्यांवरही माझा विश्वास नाही.

तिने मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, रस्ते तीन आहेत. तयार मॉडेल घ्यायचा आणि फक्त नीट सूचना द्यायच्या, हा पहिला. कागदपत्रं शोधायला लावायची आणि सापडलेल्या कागदावरूनच उत्तर द्यायला सांगायचं, हा दुसरा. आणि तो माणूस म्हणतो तसं आपल्या नोंदींवर मॉडेलला आणखी शिकवायचं, हा तिसरा. तिसरा सगळ्यात शेवटी."

"काहून? तोच तं आपला सोताचा हाय."

"कारण त्याने सवय लागते, माहिती नाही. नवा कारकून रजिस्टरापाशी बसवून ठेवला तर तो तुमच्यासारखं बोलायला शिकेल. पण कोणत्या मशीनला कोणती चाळणी, हे त्याला पक्कं आठवेलच असं नाही. तो आठवल्यासारखं बोलेल. आणि उद्या तुम्ही चाळणी बदलली की त्याला पुन्हा शिकवा. त्यापेक्षा त्याला कपाटाची किल्ली द्या आणि म्हणा, बोलायच्या आधी कागद काढून बघ. कागद बदलला की उत्तर बदलतं."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून तिच्याबद्दलची शंका वाढली. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाला नंतर काहीतरी विकायचं असतं.

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, काहीही करायच्या आधी मला पन्नास प्रश्न हवेत. गिऱ्हाईक विचारतं तस्सेच. आणि प्रत्येकाचं खरं उत्तर, तुमच्या हातचं. ते कोणत्याही मशीनला दाखवायचे नाहीत. तिन्ही रस्त्यांची परीक्षा त्यांवर घेऊ."

परीक्षेचा पेपर माझ्या हातात आला! मी मनात म्हटलं, ये बाळा. चार दिवस बसून मी असे प्रश्न काढले की मिस्त्रीचीही गाळण उडावी. डाळीचा चुरा होऊन राहिला. टरफल निघून नाही राहिलं. बेअरिंगपाशी हात लावला की पोळते. आणि उत्तरं लिहिली अगदी खरी, कारण मला ती मशीन चुकलेली बघायची होती. तूर जास्त वाळली म्हणून चुरा. तेल लावून पुरती वाळवली नाही म्हणून टरफल. घरच्या कोणीतरी रोलरची फट हलवली. बेअरिंगला ग्रीसच दिलं नाही. एकेचाळिसावा प्रश्न लिहिताना पेन थोडं थांबलं: पट्ट्यावरची जाळी काढलेली आहे, पट्टा घसरून राहिला, काय करू? उत्तर लिहिलं, आधी मशीन बंद करा, वायर काढा, हात घालू नका, जाळी लावल्याशिवाय मशीन चालवू नका. लिहून कागद पलटला.

पहिला रस्ता दोन दिवसांत तपासून झाला. तयार मॉडेलला तिने पानभर सूचना लिहिल्या: थोडक्यात बोल, आपुलकीने बोल, माहीत नसेल तर आमच्या नंबरावर फोन करायला सांग. बोलणं गोड, पण आमच्या मशीनचं त्याला काय ठाऊक? चाळणीचा नंबर विचारला तर आमच्याकडे कधीच नव्हता असा नंबर त्याने ठणकावून सांगितला. सूचना कडक केल्यावर बहुतेक प्रश्नांना "कृपया सेवा केंद्राशी संपर्क साधा" म्हणायला लागला. सेवा केंद्र म्हणजे मी. मला समाधान वाटलं.

पण मालकांच्या डोक्यातून कोटवाला जात नव्हता. शेवटी भाची म्हणाली, ठीक आहे, त्याला पैसे देण्याआधी आपणच लहान प्रमाणावर करून बघू. रजिस्टरांतल्या सहाएकशे नोंदी टाइप झाल्या. एवढ्या नोंदी म्हणजे फार थोड्या, हे तिने तीनदा सांगितलं. फुकट मिळणारा एक लहान मॉडेल घेऊन, काही तासांसाठी भाड्याने मोठा कॉम्प्युटर घेऊन तिने त्याला त्या नोंदींवर शिकवलं.

एका दुपारी आम्ही तिघं तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. तिने प्रश्न टाकला: डाळीचा चुरा होऊन राहिला. उत्तर आलं: "पट्टा सैल. कसून घ्या."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयला, हे तं मिस्त्रीच बोलून राहिले!"

खरंच तसंच होतं. तोच तुटक ताल, तेच शब्द. दुसरा प्रश्न टाकला, टरफलाचा. पट्टा सैल. तिसरा, बेअरिंगचा. पट्टा सैल, कसून घ्या. मधूनच एखादं वेगळं उत्तर येई आणि पुन्हा पट्टा. एकेचाळिसाव्यालाही तेच: पट्टा कसून घ्या. मालक अजून मिस्त्रीच्या आवाजात रमले होते. भाची रमली नव्हती. तिने चष्मा काढून पुसला.

"शिकला तो बरोबर," ती म्हणाली. "जे सगळ्यात जास्त दिसलं तेच तो बोलतो. पण काकू, एवढे पट्टे सैल होतात कसे?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "हंगामात मशीनवर ताण येतो. पट्टा ताणतोच." तिने मान हलवली आणि लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते मला दिसलं नाही. आतापर्यंत मी तिच्यावर नजर ठेवून होते. आता ती माझ्यावर ठेवते आहे असं मला वाटायला लागलं.

आठवड्याने तिने दुसरा रस्ता केला. रजिस्टरातली एकेक नोंद वेगळी ठेवली, आमचं छापील माहितीपुस्तक तुकड्या-तुकड्यांत ठेवलं. प्रश्न आला की अर्थाने जवळचे चार-पाच तुकडे शोधून काढायचे, ते मॉडेलपुढे ठेवायचे आणि सांगायचं, यात असेल तेवढंच बोल, कुठून घेतलं तेही सांग. पुस्तकातल्या गोष्टी चोख आल्या. चाळणीचा नंबर बरोबर, पान नंबरासकट. पण बिघाडाचं विचारलं की पुन्हा पट्टा, आणि आता तर पुराव्यानिशी! खाली नोंदीचा क्रमांक, नोंद लिहिणारी मी.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," मी हसून म्हटलं. हसायला नको होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकाच गाडीने निघालो. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तिने पिशवीतून माझे पन्नास प्रश्न काढले. "काकू, तुम्ही खरी उत्तरं लिहिलीत ना, त्यांत पट्टा फक्त दोनदा आहे. रजिस्टरात तो अर्ध्याहून जास्त वेळा आहे. दोन्ही अक्षर तुमचंच. कोणतं खरं धरू?"

मशीनला पाडायला खणलेल्या खड्ड्यात मी स्वतः पडले होते. रागाने डोळ्यांत पाणी आलं, तिच्यावरच्या नाही, स्वतःवरच्या. मग मी बोलायला सुरुवात केली आणि बडनेरा येईपर्यंत थांबले नाही.

गोष्ट साधी होती. कागदावर गिऱ्हाइकाची सही लागते. आमचा वऱ्हाडी माणूस तोंडावर शंभर गोष्टी ऐकून घेईल, चार सुनावेलही, पण "माझ्या पोराने फट बिघडवली" यावर सही करणार नाही. मिस्त्री लांबून गेलेला, दुपारी त्याच घरी जेवलेला. त्याने त्यांना तोंडाने खरं कारण सांगायचं, मशीन दुरुस्त करायची, जाता जाता पट्टाही कसायचा आणि कागदावर लिहायचं: पट्टा सैल, कसून दिला. पट्ट्याचा कोणाला अपमान वाटत नाही. सगळे हसत सही करायचे. परत येऊन मिस्त्री मला खरं काय ते सांगायचे, म्हणून मला ते पाठ होतं. आणि मी रजिस्टरात पट्टा लिहायचे. यात कोणाचं काही बिघडत नाही असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

"आणि एकेचाळिसावा?" तिने विचारलं.

तो मी शेवटी सांगितला. कौंडण्यपूरच्या बाजूच्या एका मिलमध्ये झाडझूड सोपी व्हावी म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मालकाने पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती. कामाला असलेल्या तरुणाने चालत्या मशीनवर घसरता पट्टा सरळ करायला हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मिस्त्री गेले, जाळी बसवली, मिलमालकाने हात जोडले. कागदावर आलं: पट्टा सैल, कसून दिला. ते मी माझ्या सुंदर अक्षरात उतरवलं आणि डबा खायला गेले.

तिने प्रश्नांचे कागद पिशवीत परत ठेवले. मग म्हणाली, "आणि आपण चालत्या पट्ट्याला हात लावायला सांगणारी मशीन लोकांच्या फोनवर देणार होतो."

त्या रविवारी आम्ही वलगावला गेलो. मिस्त्री ओसरीवर बसले होते. भाचीने मोठ्याने सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "खोटं नाई लिवलं, बाई. अर्धं लिवलं."

"अर्धंच तर मशीन शिकली ना, मिस्त्री," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "मंग लिवा आता पुरं."

चार रविवार आम्ही जात राहिलो. मी नोंद वाचायची आणि गाव सांगायचं. त्यांना तारीख आठवत नसे, जेवण आठवे. "तिथं पातोडीची भाजी व्हती. हां, त्याच्या भाच्यानं रोलरची फट आवळली व्हती." मी खरं कारण लिहायचे, सहीचा प्रश्नच नव्हता, गाव आणि नाव गाळायचे. ज्या नोंदींचं त्यांना किंवा मला नक्की आठवलं नाही त्या भाचीने सरळ बाजूला काढल्या. ती म्हणाली, शंकेची नोंद ठेवण्यापेक्षा नसलेली बरी. शेवटी दीडएकशे नोंदी उरल्या. शिकवायला अगदीच थोड्या, शोधायला पुरेशा.

मालकांना सांगायचं काम माझं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग आवाज चढला. "म्हंजे चौदा वर्सं तुमी मलेबी पट्टाच सांगून राहिले?"

"हो."

"काहून?"

त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नोकरी गेली असं धरून मी घरी सांगूनही ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोटवाल्याला माझ्यासमोर फोन करून नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवत म्हणाले, "ते नोंदी पाहाले माणूस लागन. तुमीच पाहा. पण आता माह्यावर नाई, मशीनवर शंका घ्या." दर महिन्याला ते पन्नास प्रश्न, आणि नवे काही, मशीनला विचारून बघायचं काम माझ्याकडे आलं. भाचीने ठरवलं ते असं: पहिल्या रस्त्यातल्या सूचना आणि दुसऱ्या रस्त्यातलं कपाट, दोन्ही मिळून. सूचनांत सगळ्यात वर, नोंद सापडली नाही तर तसं सांग आणि फोन दे. शिकवणं तूर्त नाही.

एकेचाळिसाव्या प्रश्नाची, त्या बोटांची नोंद मी लिहायची टाळत होते. चाचणीत तो प्रश्न टाकला तेव्हा मशीनने उत्तर दिलं: "याबद्दल माझ्याकडे नोंद नाही. मशीन बंद ठेवा आणि फोन करा." माझ्याकडे नोंद नाही! चौदा वर्षांत हे एक वाक्य मी एकदाही लिहिलं नव्हतं. मी त्याच दुपारी बसून ती नोंद लिहिली, आणि खाली लिहिणारीचं नाव घातलं.

तुरीच्या हंगामात एका सकाळी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एका माणसाचा भारी आवाज.

"बाई, व्हॉट्सॲपवर इचारलं व्हतं पट्ट्याचं. त्यानं सांगतलं, आधी बंद करा, जाळी लावा. आन् खाली लिवलं हाय, एका मिलमंधी जाळी काढली व्हती मालकानं, म्हणून कामगाराचे दोन बोटं गेले. हे बोटं माहे हायत."

मी खुर्चीत सरळ बसले.

"ते मिल आता मीच चालवतो. म्हाताऱ्या मालकानं मले तवा सांगतलं व्हतं, कंपनीच्या कागदावर लिवलं हाय का चूक कामावरच्या पोराची हाय, आता काई बोलू नको. मी काई बोललो नाई. खरं सांगा, त्या कागदावर काय व्हतं?"

"पट्टा सैल," मी म्हटलं. "कसून दिला."

"आन् माह्या बोटाचं?"

"काही नव्हतं."

"चूक माही हाय असंबी नव्हतं?"

"नाही. तुम्ही त्या कागदावर कुठेच नव्हता, दादा. रजिस्टरात ते मीच उतरवलं होतं."

पलीकडे मिलचा आवाज नव्हता. त्याने मशीन बंद ठेवली होती.

"आता पट्ट्याचं सांगा," तो म्हणाला. "ह्या बारीनं तो खरंच सैल हाय."